ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका

पातूर, आलेगाव, विवरा, चान्नी आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींनो, ही विनंती तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कोणी चाकणच्या कारखान्यात आहे, कोणी हिंजवडीच्या ऑफिसात, कोणी नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहे. कोणी इथंच अकोल्यात राहून फायनान्स कंपनीची वसुली करतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सध्या दुसरी नोकरी शोधायला घेतली आहे. शोधा. चार पैसे जास्त मिळत असतील तर जरूर जा. पण एका फोनवर विसंबून हातातली नोकरी सोडू नका.

तो फोन कसा येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कन्सल्टन्सीतून कोणी गोड आवाजात सांगतं, "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं. कंपनीला माणूस तातडीनं पाहिजे. आजच पेपर टाका, लेटर दोन दिवसांत येतंच." आनंदानं हात थरथरतात. घरी फोन जातो, आई देवापुढं साखर ठेवते. आणि त्याच संध्याकाळी राजीनाम्याचा मेल निघून जातो. थांबा. तो मेल लिहा हवं तर, पण पाठवू नका. आधी ऑफर लेटर मागा.

एका मुलाचा हिशोब मांडून पाहू. समजा, आलेगावचा एक डिप्लोमा झालेला मुलगा चाकणला क्वालिटी विभागात आहे. हातात महिन्याला २६ हजार येतात. खोलीचा वाटा साडेतीन हजार, मेस तीन हजार, गाडीचा हप्ता तीन हजार. आठ हजार तो घरी पाठवतो, त्यात बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा भार आहे. नोटीस पीरियड तीस दिवसांचा. त्याला फोन येतो, "३६ हजार हातात, पाच तारखेच्या आत पेपर टाका." तो चार तारखेला राजीनामा देतो. पहिला आठवडा "लेटर प्रोसेसमध्ये आहे" यात जातो. दुसऱ्या आठवड्यात "एचआर मॅडम सुटीवर आहेत" असं कळतं. इकडं जुन्या कंपनीत त्याच्या जागी माणूस ठरतो आणि त्याला काम शिकवायलाही यालाच सांगतात. महिना संपता संपता व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ येते, "पोझिशन होल्डवर गेली आहे, काही अपडेट असेल तर कळवतो." त्यानंतर फोन उचलला जात नाही.

आता त्याला दुसरी नोकरी मिळायला अडीच महिने लागले असं धरा. आजच्या बाजारात हा काळ काही फार मोठा नाही. अडीच महिन्यांचे ६५ हजार बुडाले. समजा त्याला पुढं खरोखर ३६ हजारांची नोकरी मिळाली, तरी महिन्याला दहा हजारांची वाढ धरून हे ६५ हजार भरून निघायला साडेसहा महिने जातील. पण बहुधा ३६ हजार मिळतही नाहीत. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "सध्या कुठं आहात?" उत्तर "सध्या घरी" असलं, की समोरचा आकडा खाली येतो. २८ वर बोलणी मिटतात, आणि पोरगं होकार देतं, कारण हप्ता थकलेला असतो.

आता तोच हिशोब उलटा करून पाहा. त्यानं लेटरसाठी आठ दिवस वाट पाहिली असती तर काय गेलं असतं? दहा हजारांच्या वाढीचे आठ दिवसांचे पैसे, म्हणजे पावणेतीन हजारांच्या आत. एका बाजूला पावणेतीन हजार, दुसऱ्या बाजूला ६५ हजार आणि बहिणीची फी. हा हिशोब तुमच्या पगाराच्या आकड्यांनी आजच कागदावर मांडा. रिक्रूटर "लवकर, लवकर" म्हणेल तेव्हा तो कागद समोर ठेवा.

तुम्ही म्हणाल, मुलाखत घेणाऱ्या साहेबानं स्वतः हो म्हटलंय, मग खोटं कसं होईल? त्यानं खरंच हो म्हटलेलं असतं. बहुतेक वेळा कोणी मुद्दाम फसवत नसतं, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. कंपनीच्या आत काय चालतं ते समजून घ्या. ज्या विभागाला माणूस हवा आहे, तो विभाग तुम्हाला पसंत करतो. मग एचआर पगाराचं बोलणं करतं. मग तो आकडा मंजुरीसाठी वर जातो. वरचा माणूस विचारतो, ही जागा मंजूर आहे का, हा पगार बसतो का, हे काम पुढच्या तिमाहीत राहणार आहे का. या टप्प्यावर ऑर्डर कमी झाली, गिऱ्हाईक कंपनीनं प्रोजेक्ट पुढं ढकललं किंवा साऱ्या कंपनीत भरती थांबवण्याचा हुकूम निघाला, की तुमचं नाव तिथंच अडकतं. मंजुरी मिळाली तरच ऑफर लेटर निघतं. म्हणजे "सिलेक्शन झालं" आणि "लेटर निघालं" यांच्यामध्ये अजून एक दार असतं, आणि ते दार उघडलं की नाही हे तुम्हाला फोन करणाऱ्या रिक्रूटरलाही पुष्कळदा माहीत नसतं.

मग तो घाई का करतो? कारण त्याच्या कन्सल्टन्सीचे पैसे तुम्ही रुजू झाल्यावर मिळतात. बऱ्याच ठिकाणी ही रक्कम तुमच्या साधारण महिनाभराच्या पगाराइतकी असते. तुम्ही लवकर राजीनामा दिला, तर लवकर रुजू व्हाल आणि त्याचं बिल लवकर निघेल. तुमचं काम गेलं तर त्याचं एक बिल जातं. तुमच्या घरची मात्र चूल अडते. त्याच्यावर रागावू नका, तोही पोटासाठीच करतो आहे. पण तुमच्या घराचा निर्णय त्याच्या हाती देऊ नका.

यातला एक प्रकार अलीकडं फार वाढला आहे, त्याच्यापासून जपा. रिक्रूटर म्हणतो, "आधी राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवा, मगच ऑफर रिलीज होईल. आमची तशी पॉलिसीच आहे." कंपन्यांना याची गरज का वाटते, तेही सांगतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. काही उमेदवार लेटर घेतात, ते जुन्या साहेबाला दाखवून पगार वाढवून घेतात आणि नव्या कंपनीला टांग देतात. कंपनीला ती भीती असते. पण तिच्या भीतीचा सगळा भार तुम्ही उचलायचा, हे न्यायाचं नाही. तुमचा राजीनामा मंजूर झाला, की तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्या क्षणापासून ते म्हणतील तो पगार, ते म्हणतील ती तारीख. बोलणी ३६ हजारांवर झालेली असतात आणि लेटर ३१ चं येतं, तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकत नाही.

म्हणून त्यांची भीती घालवेल आणि तुमचंही राखेल असं उत्तर द्या. फोनवर देऊ नका, लिहून द्या. आमच्या पोरांना इथंच संकोच वाटतो. मोठ्या माणसाला कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं घरातून शिकलेलो असतो. पण नोकरीच्या व्यवहारात कागद मागणं हे रीतीचं आहे, आणि चांगली कंपनी त्याबद्दल कधीच वाईट मानत नाही. इतकंच लिहा:

"नमस्कार. निवड झाल्याचं कळवलंत, आभारी आहे. पद, पगार, कामाचं ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख नमूद केलेलं ऑफर लेटर कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून मिळालं, की मी त्याच दिवशी स्वीकृती कळवीन आणि चोवीस तासांच्या आत राजीनामा देऊन त्याची प्रत आपल्याला पाठवीन. माझा नोटीस पीरियड तीस दिवसांचा आहे. तो राजीनाम्याच्या दिवसापासून मोजून रुजू होण्याची तारीख ठरवावी."

ऑफिसच्या रीतीप्रमाणं इंग्रजीत लिहायचं असेल तर तसं लिहा, मित्राकडून तपासून घ्या, पण हाच मजकूर ठेवा. यातलं चोवीस तासांचं वचन महत्त्वाचं आहे. ते दिलं की तुम्ही टाळाटाळ करता आहात असं कोणी म्हणू शकत नाही. आणि वचन दिलं तर पाळा.

उत्तर काय येतं ते नीट पाहा, कारण त्यातून सगळं कळतं. "दोन दिवसांत पाठवतो" असं आलं आणि दोन दिवसांत लेटर आलं, तर उत्तम. "मंजुरी बाकी आहे" असं आलं, तर रिक्रूटर खरं बोलला. वाट पाहा आणि आपलं काम करत राहा. "इतका विश्वास नसेल तर दुसऱ्याला घेतो" असं आलं, तर घेऊ द्या. तुमच्याकडं आज नोकरी आहे. ज्याच्याकडं खरोखर मंजूर जागा आहे, तो एका कागदासाठी मनासारखा माणूस सोडत नाही.

आता लेटर आलं असं धरू. लगेच पेढे वाटू नका. आधी ते पूर्ण वाचा. वरचा मथळा वाचा. त्यावर "लेटर ऑफ इंटेन्ट" लिहिलं असेल, तर कंपनीनं फक्त इरादा कळवला आहे, तुम्हाला घेतलंच असं त्यात नसतं. त्यावर राजीनामा देऊ नका, पुढचं लेटर कधी येणार ते विचारा. ऑफर लेटर असेल तर पगाराचा तक्ता बघा. वर्षाचा मोठा आकडा बघून भुलू नका. त्यातला किती भाग कामगिरीवर अवलंबून आहे, पीएफमध्ये कंपनीचा वाटा त्याच आकड्यात धरला आहे का, आणि दर महिन्याला बँकेत नेमके किती येणार, हे विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. तोंडी सांगितलेला जॉइनिंग बोनस किंवा राहण्याची सोय लेटरमध्ये नसेल, तर ती तुम्हाला मिळणार नाही असंच समजा.

मग लेटर कोणत्या नावानं आहे ते बघा. मुलाखत मोठ्या नावाच्या कंपनीत झालेली असते आणि लेटर कुठल्या तरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं निघतं. याला तिसऱ्याच्या पेरोलवर जाणं म्हणतात. हे बेकायदा नाही, अनेक जण असं काम करतात. पण मोठ्या कंपनीनं माणसं कमी करायची ठरवली, की पहिली कुऱ्हाड या पोरांवर पडते. राजीनामा देण्याआधी हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, रुजू झाल्यावर कळून उपयोग नाही.

शेवटी अटी वाचा. पार्श्वभूमीची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, कधी कधी गिऱ्हाईक कंपनीची मान्यता. या प्रत्येक अटीवर ऑफर रद्द होऊ शकते. ज्या अटी राजीनाम्याआधी पूर्ण होऊ शकतात, त्या आधीच पूर्ण करा. आधारवर एक नाव, दहावीच्या सनदेवर दुसरं, असं आपल्याकडं घरोघरी आहे. वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून पडताळणी अडकते. ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. मागच्या नोकरीत तीन महिन्यांचा खंड लपवला असेल, तर तो आत्ताच मोकळेपणानं सांगा. पीएफच्या नोंदीत तो दिसतोच.

आणि लेटर मान्य असेल तर स्वीकृती लगेच लेखी द्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणं, तुम्ही मान्यता कळवण्याआधी देणारा आपला प्रस्ताव मागं घेऊ शकतो. तुमची मान्यता पोचली की करार उभा राहतो. लेटरवर मुदत लिहिलेली असते, बहुधा दोन-चार दिवसांची. सही करून, स्कॅन करून, त्याच ईमेलवर उत्तर पाठवा. पोच आली की मग राजीनामा. हा क्रम बदलू देऊ नका.

कागद हातात असला म्हणजे सगळं पक्कं, असंही मी तुम्हाला सांगणार नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगारमंत्र्यांकडं तक्रार केली. टीसीएसनं सहाशेहून अधिक अनुभवी लोकांना ऑफर दिल्या होत्या. अनेकांनी त्या भरवशावर जुन्या नोकऱ्या सोडल्या होत्या. आणि रुजू होण्याची तारीख पुढं ढकलली गेली, असं त्या तक्रारीत होतं. घरांचे हप्ते चालू आणि पगार बंद, अशी त्या माणसांची अवस्था झाली. आपण दिलेल्या सगळ्या ऑफर पाळू, असं कंपनीनं त्यावर जाहीर केलं. त्याआधी २०२२ मध्ये कॉलेजातून निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना इन्फोसिसनं दोन वर्षं ताटकळत ठेवलं, अशी तक्रार याच संघटनेनं २०२४ मध्ये केली होती.

इतक्या मोठ्या कंपन्यांची, छापील लेटर असलेली ही माणसं. त्यांच्यावर ही वेळ आली. पण नीट बघा, त्यांच्या हातात काय होतं. कंपनीचं नाव, पद, पगार आणि तारीख लिहिलेला कागद. त्या कागदामुळं ती एकत्र येऊ शकली, संघटना त्यांच्यासाठी मंत्र्याच्या दारात जाऊ शकली, आणि कंपनीला जाहीर उत्तर द्यावं लागलं. ज्याच्याकडं फक्त फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं "कन्फर्म आहे भाऊ" असतं, तो कोणाच्या दारात उभा राहणार? कागद असूनही धोका राहतो, म्हणून कागदाशिवाय तर एक पाऊलही टाकू नका. आणि कागद असला, तरी नोटीसच्या काळात दर आठवड्याला नव्या कंपनीच्या एचआरला एक मेल टाकत राहा, "रुजू होण्याची तारीख तीच आहे ना?" म्हणून. तारीख हलणार असेल तर ती लवकर कळू द्या. जुना साहेब तुम्हाला थांबवून घ्यायला तयार असतानाच कळू द्या.

नव्या कायद्यावर भिस्त ठेवून बसू नका, हेही सांगितलं पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. ही चांगली गोष्ट आहे. पण नियुक्तिपत्र नोकरीवर घेतल्यावर मिळतं. जुनी नोकरी सुटून नवी सुरू होईपर्यंतच्या मधल्या रस्त्यावर ते तुमच्या कामी येत नाही. खासगी कंपनीनं शब्द फिरवला, तर न्यायालय सहसा तिला तुम्हाला कामावर घ्यायला लावत नाही. मिळाली तर नुकसानभरपाई मिळते, तीही वकील, तारखा आणि पुण्याच्या फेऱ्या करून. पातूरच्या बसस्थानकावरून उठून पुण्याला तारखेला जाणं काय असतं, हे मी सांगायला नको.

दुसरा धोका अस्सल लबाडांचा आहे. तो थोडक्यात सांगतो. लेटर फार लवकर आलं, मुलाखत जेमतेम झाली, आणि लेटरनंतर कोणी लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगची फी किंवा "परत मिळणारी" रक्कम मागितली, तर ते लेटर बनावट आहे. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. पाठवणाऱ्याचा ईमेल बघा. मोठ्या कंपनीच्या नावानं gmail.com वरून लेटर येत नाही. नावातलं एखादं अक्षरही बदललेलं असू शकतं, ते एकेक करून वाचा. कंपनीची नोंद mca.gov.in वर शोधता येते. लेटरवरच्या नंबरवर फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवरून ऑफिसचा नंबर काढा, त्यावर फोन करून एचआरला विचारा, "या नावाचं, या तारखेचं लेटर तुमच्याकडून निघालं आहे का?" पैसे गेलेच असतील तर लाजू नका, झाकू नका. त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर कराल, तितके पैसे दूर जातात.

आता आईबाबांना, मोठ्या भावांना, काकांना हात जोडून सांगायचं आहे. तुमचं काम सगळ्यात मोठं आहे आणि सगळ्यात सोपंही. पोराचा फोन आला, "माय, मला नवी नोकरी लागली," की आधी एकच विचारा, "कागद आला का रे बाप्पा?" पगार किती, असं आधी विचारू नका. गावात सांगायची घाई करू नका. सोयरिकीच्या बोलण्यात नव्या पगाराचा आकडा टाकू नका. त्या आकड्यावर ट्रॅक्टरचा हप्ता किंवा घराचा स्लॅब ठरवू नका. एकदा गावाला कळलं, की पोराला मागं फिरता येत नाही. नवी नोकरी होल्डवर गेली हे तो घरी सांगत नाही. पुण्यातल्या खोलीवर बसून राहतो, मित्राकडून उसने घेऊन तुम्हाला महिन्याचे पैसे पाठवतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललं आहे. त्याला ही वेळ येऊ देऊ नका. "कागद येईपर्यंत थांब, आम्हाला घाई नाही" हे एक वाक्य तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. रिक्रूटरच्या दहा फोनांना ते पुरून उरेल.

सुना आणि मुलींच्या घरच्यांना तर दुप्पट विनंती. लग्नानंतर नोकरी करणाऱ्या मुलीची एक नोकरी सुटली, की "राहू दे आता घरीच" असं म्हणायला घर टपलेलं असतं. मधले तीन महिने तिच्यासाठी तीन महिने राहत नाहीत, तिची सगळी वाटच तिथं थांबू शकते. तिच्या हाती कागद आल्याशिवाय तिला पेपर टाकू देऊ नका.

हे वाचणाऱ्यांत काहींनी राजीनामा आधीच दिला असेल आणि लेटर अजून आलं नसेल. तुमच्याही हातात अजून काही आहे. पण आज हला, उद्यावर टाकू नका. रिक्रूटरला लेखी विचारा, लेटर कोणत्या तारखेला येणार. उत्तर गोलमाल आलं, तर त्याच दिवशी जुन्या साहेबाला भेटा. खरं सांगा. आणि राजीनामा मागं घेत असल्याचा मेल लगेच टाका, तारीख आणि वेळ नोंदेल असा.

राजीनामा मागं घेता येतो का? कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याची गोष्ट सांगतो. १९९० पासून नोकरीत असलेल्या या माणसानं डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये तो मागं घेतला. राजीनामा एप्रिलमध्येच मंजूर केला होता, असं कोकण रेल्वेचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मंजुरीचं पत्र आतल्या आत फिरलं होतं, त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून राजीनामा मागं घेणं वैध ठरलं आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. पण तो निकाल यायला दहा वर्षं गेली, आणि ती सरकारी मालकीची संस्था होती. खासगी कंपनीत तुमच्या नियुक्तिपत्रात काय लिहिलं आहे आणि साहेब काय म्हणतो, यावर पुष्कळ अवलंबून राहतं. म्हणून मंजुरीचा मेल येण्याआधी मागं घ्या. तो आला असेल तरी विचारा. तुमच्या जागी माणूस मिळालेला नसेल, तर अनेक साहेब थांबवून घेतात. चांगलं काम केलेल्या माणसाला परत घेणं त्यांनाही सोयीचं असतं. नाहीच जमलं, तर शेवटचा दिवस पुढं ढकलण्याची विनंती करा. पंधरा दिवस मिळाले तरी पंधरा दिवसांचा पगार मिळतो, आणि पुढच्या मुलाखतीत "सध्या कुठं आहात?" या प्रश्नाला उत्तर राहतं.

एक अजून. नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-चार महिने उरले असतील, तर नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पुढची मागा. कायम नोकरीत पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. घाईत राजीनामा देणारी कितीतरी माणसं हे पैसे टाकून देतात.

पातूर आणि तालुक्यातून गेलेले कितीतरी जण आज पुण्यामुंबईत एचआरमध्ये आहेत, कन्सल्टन्सी चालवतात, कंपन्यांत भरतीचं काम बघतात. तुम्हालाही हे सांगणं आहे. पुढच्या वेळी एखाद्या पोराला "आज पेपर टाका" म्हणायच्या आधी एकदा बघा, मंजुरी झाली आहे का. झाली नसेल तर तसं सांगा. "अजून एक टप्पा बाकी आहे, तोवर थांबा" एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं, तर एखाद्या घराचा हप्ता चुकायचा वाचेल. तुमचं बिल आठ दिवसांनी निघेल. निघू द्या.

आणि ज्यांच्या फोनवर आत्ता तो मेसेज येऊन पडला आहे, "सिलेक्टेड, रिझाइन टुडे," त्यांनी वरचं उत्तर उतरवून घ्या, आपल्या नोटीसचे दिवस त्यात भरा आणि रिक्रूटरला आज रात्रीच पाठवा. उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला कामावर जा.